तळटीप १४ : अमेरिकेची नाकेबंदी
१४. अमेरिकेची नाकेबंदी : अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१–६५) उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांना घातलेला वेढा. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी १९ एप्रिल १८६१ रोजी तो जाहीर केला. किनारा सुमारे ५,६०० किलोमीटरचा. त्यावर पहारा सुरुवातीला विरळ होता. चोरटी जहाजे अनेकदा निसटत. पण ती वेगासाठी लहान बांधलेली, त्यांत बंदुका, औषधे मावत; कापसाचे अवजड गठ्ठे फारसे मावत नसत. मोठी व्यापारी जहाजे तर पकडले जाण्याच्या भीतीने फिरकेनाशी झाली. कापूस विकला जाईना, म्हणून परकी चलन आटले. झिजलेले रूळ बदलता येईनात, मीठ महागले, कागदी नोटांची किंमत कोसळली. पहिल्या वर्षी दक्षिणेने इंग्लंडवर दबाव आणण्यासाठी स्वतःच कापूस रोखला होता, त्यामुळे सारी टंचाई नाकेबंदीची नव्हे. लँकेशायरच्या गिरण्या मुंबईकडे वळल्या आणि भाव चढले. मजकुरातील जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते, तेथे रेल्वे नव्हती. म्हणून मजकुरात कापसाच्या बैलगाड्यांचा उल्लेख येतो. १८६५ मध्ये युद्ध संपताच मुंबईचे भाव कोसळले. पुढील परिच्छेदातील मंदी तीच.