क्रोमियम व तांबे : इलेक्ट्रॉन संरूपणातील दोन अपवादांचा इतिहास

रसायनशास्त्राच्या पदवीपूर्व अभ्यासक्रमात क्रोमियम आणि तांबे ही दोन मूलद्रव्ये ‘अपवाद’ म्हणून एकत्र शिकविली जातात. क्रोमियमचे संरूपण 3d⁴4s² असावयास हवे, ते 3d⁵4s¹ असते. तांब्याचे 3d⁹4s² असावयास हवे, ते 3d¹⁰4s¹ असते. कारण म्हणून अर्धपूर्ण व पूर्ण उपकवचाचे स्थैर्य सांगितले जाते. हे स्पष्टीकरण कितपत पुरेसे आहे, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

प्रथम एक कालक्रम लक्षात घ्यावा लागेल. ज्या n+l नियमाचा भंग झाला असे आपण म्हणतो, तो एर्विन माडेलुंग यांनी १९३६ साली ग्रंथबद्ध केला. क्रोमियमचे संरूपण मात्र त्याच्या दशकभर आधीच निश्चित झाले होते, आणि तेही कोणत्याही नियमावरून नव्हे, तर वर्णपटावरून. १९२२ मध्ये मिगेल कातालान यांनी मँगनीजच्या वर्णपटातील विखुरलेल्या रेषा परस्परसंबंधित गटांत मांडून दाखविल्या. १९२५ मध्ये पाउली यांचे वर्जन तत्त्व पुढे आले आणि त्याच वर्षी फ्रीडरिश हुंड यांनी स्कँडियमपासून निकेलपर्यंतच्या गुंतागुंतीच्या वर्णपटांचा उलगडा केला. अपवाद आधी दिसला आणि नियम मागाहून लिहिला गेला, असा हा काहीसा उलटा प्रवास आहे.

क्रोमियमच्या वर्णपटात ४२५.४, ४२७.५ आणि ४२९.० नॅनोमीटर या तरंगलांबींवर तीन ठळक रेषा आढळतात. त्यांची वरची पातळी तीन उपपातळ्यांत विभागलेली आहे, खालची मात्र एकच आहे. ही खालची पातळी म्हणजेच अणूची निम्नतम अवस्था होय. ती 3d⁴4s² या संरूपणाची असती, तर हुंड यांच्या नियमांनुसार ती पाच उपपातळ्यांत विभागली गेली असती. अविभक्त पातळीचा अर्थ असा की कक्षीय कोनीय संवेग शून्य आहे. आणि सहाही बाह्य इलेक्ट्रॉनांचे स्पिन समांतर असलेल्या 3d⁵4s¹ ची अवस्था नेमकी अशीच असते.

आता कारणाकडे वळू. समांतर स्पिनचे इलेक्ट्रॉन एकमेकांपासून दूर राहतात, त्यामुळे त्यांच्यातील प्रतिकर्षण घटते. या लाभास विनिमय ऊर्जा म्हणतात. तो समांतर जोड्यांच्या संख्येनुसार वाढतो. 3d⁴4s² मध्ये d इलेक्ट्रॉनांच्या अशा सहा जोड्या होतात, 3d⁵4s¹ मध्ये दहा. अर्धपूर्ण उपकवचाचे स्थैर्य ते हेच. परंतु s इलेक्ट्रॉनही या हिशोबात धरावा लागतो, आणि पाठ्यपुस्तके येथेच थांबतात. क्रोमियमची एक अवस्था अशी आहे की तिच्यात पाच d इलेक्ट्रॉन समांतरच आहेत, फक्त 4s इलेक्ट्रॉनचा स्पिन उलटा आहे. ती निम्नतम अवस्थेपेक्षा ०.९४ इलेक्ट्रॉनव्होल्टने वर आहे. 3d⁴4s² ची सर्वांत खालची पातळी ०.९६ वर! म्हणजे d उपकवच अर्धपूर्ण असूनही, s इलेक्ट्रॉनची साथ सुटताच जवळजवळ सर्व लाभ नाहीसा होतो. 4s मधून 3d मध्ये इलेक्ट्रॉन नेण्यास जी ऊर्जा खर्ची पडते, ती d जोड्यांचा लाभ जेमतेम भरून काढतो. पारडे झुकते ते s आणि d यांच्यातील विनिमयामुळे.

तांब्याचे प्रकरण याहून वेगळे आहे, आणि त्यास क्रोमियमच्या पंक्तीत बसविणे मला योग्य वाटत नाही. 3d⁹4s² मध्ये d इलेक्ट्रॉनांच्या सोळा आणि s-d अशा नऊ, एकूण पंचवीस समांतर जोड्या होतात. 3d¹⁰4s¹ मध्ये त्या वीस आणि पाच, म्हणजे पुन्हा पंचवीसच. निव्वळ जोड्या मोजून येथे काहीच सिद्ध होत नाही. खरे कारण केंद्रकाच्या वाढत्या प्रभारात आहे. स्कँडियमपासून पुढे जाताना 3d कक्षक आकसत जातात आणि त्यांची ऊर्जा 4s च्या तुलनेने वेगाने घटते. निकेलमध्येच 3d⁸4s² आणि 3d⁹4s¹ यांच्या निम्नतम पातळ्यांत अवघे ०.०२५ इलेक्ट्रॉनव्होल्टचे अंतर उरते. पुढच्याच घरात, तांब्यात, 3d⁹4s² ची पातळी निम्नतम अवस्थेच्या १.३९ इलेक्ट्रॉनव्होल्ट वर गेलेली दिसते. तांबे हा अपवाद नसून एका सलग प्रवाहाचे टोक आहे.

अर्धपूर्णतेचा नियम सर्वत्र लागू करू पाहणाऱ्यास क्रोमियमच्याच गटात अडचण येते. मॉलिब्डेनम क्रोमियमप्रमाणे 4d⁵5s¹ आहे. पण त्याखालील टंगस्टनची निम्नतम अवस्था 5d⁴6s² असून 5d⁵6s¹ तिच्याहून ०.३७ इलेक्ट्रॉनव्होल्टने वर आहे. जड केंद्रकामुळे, सापेक्षतावादी परिणामांनी, 6s इलेक्ट्रॉन अधिक घट्ट बांधला जातो आणि तो 5d मध्ये नेणे महाग पडते. दुसरीकडे निओबियम 4d⁴5s¹ आहे; तेथे ना अर्धपूर्ण उपकवच, ना पूर्ण, तरीही एक s इलेक्ट्रॉन d मध्ये गेलेला आढळतो.