तेरीज (छायाचित्रित खातेवहीवरून)

खातेवहीतील सर्व खात्यांच्या शिल्लका नावे आणि जमा अशा दोन रकान्यांत मांडून त्यांच्या बेरजा जुळतात का, हे पाहणारे पत्रक. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यापुढे हल्ली खातेवही अनेकदा मोबाइलवर काढलेल्या फोटोच्या रूपात येते. मग हिशेबाच्या चुकांत वाचण्याच्या चुकांची भर पडते.

उदाहरणार्थ, अशा एका सरावात नावे रकान्यात रोख ८,४००, यंत्र ३०,०००, खरेदी ४२,०००, भाडे ३,६००, पगार ९,०००, ऋणको १८,५००, उचल २,४०० आणि सूट ८०० रुपये उतरवले. जमा रकान्यात भांडवल ४०,०००, विक्री ६१,००० आणि धनको १४,८०० रुपये आले. बेरजा १,१४,७०० आणि १,१५,८००. फरक १,१०० रुपयांचा.

रक्कम चुकीच्या बाजूला गेली असेल, तर फरकाच्या निम्मी रक्कम पत्रकात सापडते. इथे ५५० कुठेच नाही. शेजारचे दोन अंक उलटले असतील, तर फरकाला ९ ने पूर्ण भाग जातो. १,१०० ला जात नाही. दोन्ही कसोट्या फसल्या, की एकाहून अधिक चुका असण्याचा संशय घ्यावा आणि मूळ फोटोकडे परतावे.

सूट खात्यात ५०० आणि ३०० या नोंदी जमा बाजूला आहेत, तर ‘शिल्लक पुढे नेली ८००’ ही ओळ नावे बाजूला. फोटो बेरजेच्या रेघेपाशीच कापला गेल्याने खालची ‘शिल्लक खाली आणली’ ही ओळ दिसत नाही. पुढे नेलेली शिल्लक नेहमी कमी भरणाऱ्या बाजूला लिहितात, म्हणून खात्याची खरी शिल्लक तिच्या उलट असते. ही सूट मिळालेली, म्हणजे जमा शिल्लक. नवशिक्यांची तेरीज अनेकदा इथेच अडते.

सूट जमेला नेल्यावर बेरजा १,१३,९०० आणि १,१६,६०० होतात. आता फरक २,७००, म्हणजे ९ × ३००. त्यावरून हजार आणि शतक स्थानांचे अंक उलटले असावेत आणि त्यांच्यात ३ चा फरक असावा, असे दिसते. १८,५०० आणि ३,६०० या दोन रकमा संशयित ठरतात. नावे बाजू कमी भरते आहे, तेव्हा लहान अंक आधी आलेली रक्कमच दोषी. १८,५०० उलटवल्यास १५,८०० होऊन तूट आणखी वाढेल. फोटोत भाडे ६,३०० आहे. दोन्ही बेरजा १,१६,६०० येतात.

चूक सापडेपर्यंत फरक निलंबन खात्यात ठेवण्याची सोय आहे. सरावात मात्र ती पळवाट ठरते. जुळलेली तेरीजही निर्दोष असेलच असे नाही. यंत्राच्या दुरुस्तीचा खर्च यंत्र खात्यात गेला किंवा एखादा व्यवहार लिहायचाच राहिला, तरी बेरजा बिनबोभाट जुळतात. अशा चुका तेरजेत नव्हे, मूळ पावत्यांशी नोंदी ताडून पाहिल्यावरच सापडतात.