बटाट्याच्या फोडी न मोडणारी कोरडी भाजी

हैदराबादेत पुरीबरोबर मिळणारी बटाट्याची भाजी मुद्दाम मोडलेली, सरबरीत असते. तिच्याबद्दल तक्रार नाही. काचीगुडा किंवा सुलतान बाजाराकडच्या मराठी घरांत डब्यासाठी पोळीबरोबर लागते ती मात्र वेगळी: पिवळी, कोरडी, फोड अख्खी आणि तरी दाताखाली मऊ. बटाटा जास्त शिजला की भाजीचा लगदा होतो, असे सहसा म्हणतात. ते अर्धेच खरे आहे.

बटाट्याच्या गरात पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या चिकट द्रव्याने जोडलेल्या असतात आणि प्रत्येकीत स्टार्चचे कण भरलेले असतात. साठ-पासष्ट अंशांच्या पुढे हे कण पाणी पिऊन फुगतात. मऊपणा बराचसा त्यातून येतो. त्याहून जास्त उष्णतेत पेक्टिन विरघळू लागते आणि पेशी सुट्या होतात. फोड विस्कटते ती या दुसऱ्या क्रियेमुळे. म्हणजे स्टार्च शिजवायचा आणि पेक्टिन राखायचे, एवढेच आपल्याला साधायचे आहे.

त्याची सोय बटाट्यातच आहे. त्यातले एक विकर साधारण ५५ ते ७० अंशांच्या दरम्यान कामाला लागते आणि पेक्टिनमध्ये असा बदल करते, की कॅल्शियम त्याला घट्ट बांधू शकते. अशी बांधलेली फोड पुढे उकळली तरी सहज सुटत नाही. उकळत्या पाण्यात फोडी एकदम टाकल्या, तर बाहेरचा थर हा टप्पा क्षणात ओलांडतो, विकर निकामी होते आणि आतला भाग शिजेपर्यंत कडा झडतात. कुकरचे तर तपमानच शंभरच्या वर जाते. शिट्टी एक जास्त झाली की संपले. म्हणून या भाजीपुरता कुकर बाजूला ठेवावा.

आता अर्धा किलो बटाट्यांचे उदाहरण घेऊ. रयतू बाजारातून आणताना भुकटीसारख्या, पिठूळ गराचा बटाटा टाळावा. तो वड्याला चांगला. शंका असेल तर एक वाटी मीठ अकरा वाट्या पाण्यात विरघळवून बटाटा त्यात सोडावा: पिठूळ जड असल्याने बुडतो, चिकट गराचा तरंगतो. साले काढून दोन सेंटिमीटरच्या एकसारख्या फोडी कराव्यात आणि पाणी नितळ होईपर्यंत धुवाव्यात. फोडी बुडतील इतके गार पाणी, त्यात चमचाभर मीठ, आणि मंद आच. पाण्याला वाफ धरावी पण बुडबुडे फुटू नयेत, अशा अवस्थेत पंधरा-वीस मिनिटे जाऊ द्यावीत. बोअरचे जड पाणी असेल तर त्यातले कॅल्शियम इथे उपयोगीच पडते. मग आच वाढवून हलकी उकळी आणावी. हैदराबाद समुद्रसपाटीपासून पाचशेहून अधिक मीटर उंच असल्याने पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते, तेव्हा मुंबईपेक्षा मिनिटभर जास्त लागले तर नवल नाही. सहाव्या मिनिटापासून सुरीचे टोक खुपसून पाहावे: ते अडखळू नये, पण फोडही दुभंगू नये. कडा धूसर, केसाळ दिसू लागल्या तर उशीर झाला.

फोडी निथळून ताटात एका थरात पसराव्यात आणि पूर्ण गार होऊ द्याव्यात. ही पायरी सगळेच गाळतात आणि भाजी इथेच बिघडते. गार होताना स्टार्च पुन्हा आवळतो आणि फोडीला धर येतो. वाफ गेल्याने पृष्ठभागही कोरडा होतो. गरम, ओली फोड उलथण्याला चिकटते आणि कढईत लेप धरते.

लगद्याचे दुसरे कारण म्हणजे ढवळणे, आणि आपण ढवळतो बहुधा हळदीसाठी. फोडींवर वरून हळद भुरभुरली की ती जागोजागी साचते आणि रंग सारखा करण्याच्या नादात फोडी मोडतात. हळदीचा रंग पाण्यात नीट उतरत नाही, तेलात उतरतो. म्हणून पसरट कढईत तीन चमचे तेल तापवून चमचाभर मोहरी घालावी. ती तडतडून थांबली की हिंग, कढीपत्ता, मिरच्यांचे तुकडे, मग गॅस बंद करून अर्धा चमचा हळद. आच चालू ठेवली तर ती काही सेकंदांत करपते आणि कडू होते. लगेच गार फोडी टाकाव्यात आणि कढई दोन्ही कानांनी धरून हलवावी. कोरड्या फोडीवर पिवळे तेल आपोआप पसरते. मग मंद आचेवर, झाकण न ठेवता, चार-पाच मिनिटे. उलथणे तळाशी घालून दोनदाच परतावे. झाकण ठेवले की वाफेचे पाणी परत खाली पडते.

लिंबू शेवटी, गॅस बंद केल्यावर. आंबट पदार्थ पेक्टिनला विरघळू देत नाही, म्हणून लिंबू किंवा चिंच उकळतानाच घातली तर फोड कितीही वेळ ठेवली तरी टणकच राहते. तसेच मंद आचेचा टप्पा तासभर लांबवला तरी होते. शीतगृहातून आलेला, चवीला गोडसर बटाटा असेल तर फोड टिकते, पण तिच्यातली साखर कढईत लवकर लाल होते. तिथे परतण्याची मिनिटे दोनावर आणावीत.