गुणगुणणारा पंखा आणि तीन रेग्युलेटर

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या साताऱ्याच्या घराला रंग दिला. रंग म्हटला की भिंतीवरचं सगळं उतरतं, आणि उतरलेलं सगळंच परत चढतं असं नाही. आमच्याकडे बटणांचा जुना लाकडी बोर्ड गेला आणि त्याच्याबरोबर पंख्याचा तो काळा, विटेएवढा रेग्युलेटरही गेला. त्याच्या जागी गुळगुळीत पांढरे बोर्ड आले. हॉलमध्ये टकटक करत चार पायऱ्या फिरणारा रेग्युलेटर आणि आईबाबांच्या खोलीत हळूहळू, सलग फिरणारा. दोन्ही मीच पुण्याहून आणले होते. "जुना रेग्युलेटर फुकट वीज खातो" हे ज्ञान बाबांना ऐकवलं होतं ते वेगळंच.

मार्चमध्ये आईचा फोन आला. "अरे, बाबा गेले दहा दिवस हॉलमध्ये झोपतायत. खोलीतला पंखा म्हणे रात्रभर गुणगुणतो. आणि आता हॉलचा दोनवर चालतच नाही!"

म्हणजे दोन्ही रेग्युलेटरवर बग. आणि दोन्ही माझ्या नावावर.

शनिवारी पोचलो. खोलीतला पंखा लावला. पूर्ण वेगावर शांत, अगदी मंदावर थोडा आवाज, पण मधोमध आणला की भुंगा अडकल्यासारखा "हूंऽऽऽ". हॉलचा प्रकार आणखी मजेशीर. एकवर व्यवस्थित फिरे, दोनवर थांबे, तीनवर पुन्हा एकइतकाच हळू आणि चारवर भन्नाट. बाबा म्हणाले, "तुमच्या इलेक्ट्रॉनिकपेक्षा माझा खोका बरा होता." खोका माळ्यावर होता, तो खाली काढला. मेन स्विच बंद करून भिंतीतले दोघेही बाहेर काढले आणि टेबलावर तिघांना शेजारी शेजारी ठेवलं. पंख्याचा वेग कमी करण्याच्या तीन पिढ्या समोर होत्या म्हणा ना.

पहिली पिढी, खोका. छताला टांगायचा विजेचा पंखा अमेरिकेत 1880च्या दशकात आला, फिलिप डील नावाच्या गृहस्थाने शिवणयंत्राची मोटर छताला लावून तो केला. तो हळू कसा फिरवायचा, याचं सगळ्यात सरळ उत्तर म्हणजे वाटेत अडथळा घालणं. खोक्याच्या आत चिनी मातीच्या नळीवर नायक्रोमची तार गुंडाळलेली असते. इस्त्री-शेगडीत असते तीच जातकुळी. ही तार चार तुकड्यांत असते आणि तुकडे एकापुढे एक जोडलेले असतात. पाचवर वीज थेट पंख्याला जाते. चारवर एका तुकड्यातून जाते, तीनवर दोन तुकड्यांतून, आणि एकवर चारही तुकडे पार करून पंख्यापर्यंत पोचते. वाटेत जेवढे व्होल्ट गळतात तेवढी तार तापते, म्हणूनच तो खोका एवढा मोठा आणि बाजूंनी भोकाभोकांचा असायचा.

आता "फुकट वीज" किती? सोयीचे आकडे घेऊ. मंद वेगावर तारेचा अडथळा 500 ओहम आणि प्रवाह 0.2 अँपिअर धरला, तर तारेत 0.2 × 0.2 × 500, म्हणजे 20 वॉट उष्णता होते. रोज रात्री आठ तास आणि महिनाभर धरलं तर पाच युनिटच्या आत. "जुन्या रेग्युलेटरवर पंखा हळू केला तरी वीज तेवढीच लागते" असं आपण सगळे सांगतो, मीही सांगितलं होतं. तेही पूर्ण खरं नाही. प्रवाह कमी होतोच, त्यामुळे एकूण वीज थोडी वाचते, फक्त वाचायला हवी तेवढी वाचत नाही.

दुसरी पिढी, खोलीतला सलग फिरणारा. याचा जन्म पंख्यासाठी झालाच नाही, दिव्यासाठी झाला. दिवे मंद करायलाही आधी असेच तापणारे अडथळे वापरायचे. 1957 साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीत थायरिस्टर तयार झाला, म्हणजे सिलिकॉनचा असा स्विच की ज्याला इशारा दिला की तो चालू होतो आणि प्रवाह शून्यावर आला की आपोआप बंद होतो. तो एकाच दिशेने चालतो. पुढच्या काही वर्षांत दोन्ही दिशांनी चालणारा त्याचा भाऊ ट्रायॅक आला आणि भिंतीतल्या चौकोनात मावणारे, जवळजवळ न तापणारे डिमर सर्रास झाले. तेच सर्किट पुढे पंख्याला जोडलं गेलं. आपल्याकडे ऐंशी-नव्वदच्या दशकांत "इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर" म्हणून घरोघरी आलेले बरेचसे हेच.

ट्रायॅक व्होल्ट जिरवत नाही, कापतो. आपल्या घरातली वीज शून्यापासून हळूहळू चढत साधारण 325 व्होल्टच्या शिखरावर जाते आणि परत शून्यावर येते. या अर्ध्या लाटेला 10 मिलिसेकंद लागतात. ट्रायॅक या लाटेचा सुरुवातीचा भाग अडवून धरतो आणि मग एकदम दार उघडतो. बल्बला याचं काही वाटत नाही. त्याची तार लालभडक तापलेली असते, तिला फक्त सरासरी उष्णता कळते. पण पंखा म्हणजे लोखंडाच्या पातळ चकत्या आणि तांब्याची गुंडाळी. प्रत्येक धक्का त्याला लागतो, सेकंदाला शंभर वेळा. साध्या विजेवरही पंखा शंभराच्या ठेक्यावर किंचित थरथरतो, पण कापलेल्या लाटेमुळे दोनशे, तीनशे, चारशे असे वरचे सूरही त्यात मिसळतात, आणि कानाला तेच जास्त टोचतात. वर पाती आणि दांडा तो सूर खोलीभर पसरवतात.

मग मधल्याच वेगावर जास्त का? कारण तेव्हा दार लाटेच्या ऐन शिखरावर उघडतं. म्हणजे शून्यावरून थेट सव्वातीनशे व्होल्टची उडी! पूर्ण वेगावर ते जवळजवळ सुरुवातीलाच उघडतं, त्यामुळे उडी लहान आणि पंखा शांत. थोडक्यात, बाबांच्या खोलीतल्या रेग्युलेटरमध्ये काहीच बिघडलेलं नव्हतं. तो त्याचं काम चोख करत होता. दिव्यासाठी शोधलेली युक्ती मी झोपायच्या खोलीतल्या मोटरला लावली होती, इतकंच.

हे ओळखायची खूण सोपी आहे. मधल्या वेगावर गुणगुण आणि पूर्ण वेगावर शांत, तर ही लाट कापण्याची करामत. पूर्ण वेगावरही घरघर येत असेल तर रेग्युलेटरला सोडा, बेअरिंग किंवा सैल स्क्रू बघा. आणि सगळ्याच वेगांवर पंखा मरगळलेला असेल, हाताने ढकलल्याशिवाय सुरू होत नसेल, तर बहुतेक वेळा पंख्याच्या टोपीतला कंडेन्सर गेलेला असतो.

तिसरी पिढी, हॉलमधला टकटक करणारा. यात अडथळा म्हणून तारेऐवजी कंडेन्सर असतात, म्हणजेच कपॅसिटर. आमच्यात दोन निघाले. एक 2.2 मायक्रोफॅरडचा, दुसरा 3.3चा. कंडेन्सर व्होल्ट अडवतो पण जवळजवळ तापत नाही, कारण घेतलेली ऊर्जा तो त्याच लाटेत परत करतो. शिवाय तो लाट कापत नाही, फक्त लहान करतो. म्हणून उष्णताही नाही आणि गुणगुणही नाही. बदल्यात सलग वेग मिळत नाही, मोजक्या पायऱ्या मिळतात. एकवर लहान कंडेन्सर, दोनवर मोठा, तीनवर दोन्ही शेजारी शेजारी जोडून 5.5, आणि चारवर थेट.

आता हॉलचं कोडं बघा. एक ठीक, म्हणजे 2.2 जिवंत. चार ठीक, म्हणजे स्विच आणि पंखा जिवंत. दोनवर फक्त 3.3, तिथे पंखा बंद. तीनवर 2.2 अधिक 3.3, पण वेग एकइतकाच, म्हणजे त्या बेरजेत 3.3चा वाटा जवळपास शून्य. गुन्हेगार सापडला! वायरमनच्या मीटरवर त्याचं माप घेतलं तर 3.3च्या जागी 0.4. असे कंडेन्सर एका झटक्यात सहसा मरत नाहीत. आत धातूचा अतिशय पातळ थर असतो. विजेच्या प्रत्येक मोठ्या झटक्याला त्यातला एखादा ठिपका जळून जातो आणि उरलेला चालू राहतो. असे ठिपके जळत जळत माप उतरतं. 2.2चा गेला असता तर एक बंद पडला असता आणि तीन दोनसारखा फिरला असता.

मग खोक्याकडे वळलो. "हा काढला का होता?" बाबा जरा ओशाळून म्हणाले, "एक आणि दोनवर चालायचा नाही. पण मी तीनवरच झोपायचो!" मी मीटर लावायच्या आधीच सांगितलं की तिसरा तुकडा तुटलाय. तुकडे एकापुढे एक असल्यामुळे जिथे तुटतं त्याच्या पलीकडचं सगळं बंद पडतं, अलीकडचं चालू राहतं. उघडला तर खरंच तिसऱ्या तुकड्याची तार गंजून तुटली होती. बाबांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच मला इंजिनीअर केल्याचं समाधान दिसलं. :)

दोष सांगतो आत काय आहे ते. खोक्यात एका ठिकाणाखालच्या सगळ्या पायऱ्या मरतात. कंडेन्सरवाल्यात एक पायरी मरते आणि दोन सारख्या होतात. ट्रायॅकवाल्याला पायऱ्याच नाहीत, त्यामुळे ट्रायॅक आतून जुळून बसला तर मूठ कुठेही फिरवा, पंखा पूर्ण वेगानेच पळतो, आणि त्याला इशारा देणारा भाग गेला तर तो हलतही नाही.

उपाय म्हणाल तर दोन्ही खोल्यांत कंडेन्सरचे नवे रेग्युलेटर, वायरमनला बोलावून. (हे भिंतीतलं काम मेन बंद करून, शक्यतो त्याच्याच हातून करा. कंडेन्सर बंद केल्यावरही थोडा वेळ चावू शकतो.) आणि बीएलडीसी पंखा घेणार असाल तर यातलं काहीच लागत नाही. त्याचा वेग त्याच्या आतलं सर्किट ठरवतं, रिमोटवर. त्याच्यापुढे यातला कुठलाही रेग्युलेटर ठेवू नये, थेट जोडणी द्यावी.

रविवारी रात्री खोलीतला पंखा दोनवर लावला. बाबा पाच मिनिटं छताकडे कान लावून पडले. मग म्हणाले, "ठीक आहे. पण खोका टाकू नकोस."

तार नवी गुंडाळून मिळते का, ते आता विचारतोय.