आधी ‘कसं काय?’, मग ‘कसे आहात?’

नवी भाषा शिकवायची म्हटली की पहिला धडा ‘नमस्कार’ आणि दुसरा ‘कसे आहात?’ असणार, हे आज आपण गृहीतच धरतो. पण हा क्रम जुना नाही. फादर स्टीफन्स यांचे कोकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली रायतूरला छापले गेले. पोर्तुगीजमधले ते पुस्तक नव्या पाद्र्यांसाठी होते आणि त्याचा घाट लॅटिन व्याकरणाचा होता. आधी नामे-विभक्ती, मग क्रियापदे. बोलणे त्यातून आपोआप येईल अशी समजूत.

पुढे विल्यम कॅरे यांनी फोर्ट विल्यम कॉलेजातल्या इंग्रज अधिकाऱ्यांसाठी १८०५ साली श्रीरामपूरला मराठीचे व्याकरण छापले. त्यांना मदत होती पंडित वैजनाथ यांची. या पुस्तकात नेहमीच्या विषयांवरचे संवाद आहेत, पण ते व्याकरणाला पुरवणी म्हणून जोडलेले. त्याआधी १८०१ साली कॅरेंचे बंगालीतले संवादांचे पुस्तक निघाले होते. त्यात चाकर ठेवणे, साहेबाचा हुकूम असे संवाद आहेत. शिकणारा कोण, यावर धडा ठरतो तो असा! साहेबाला हुकूम सोडायचा होता, चाकराची खुशाली विचारायची नव्हती.

हा क्रम नेटाने उलटला तो १९७०च्या दशकात. कौन्सिल ऑफ युरोपच्या कामातून विल्किन्स, व्हॅन एक या मंडळींनी प्रश्नच बदलला. कोणते व्याकरण आधी, असे न विचारता माणसाला पहिल्यांदा काय करावे लागते, असे विचारले. भेटणे, ओळख देणे, खुशाली विचारणे, निरोप घेणे. व्हॅन एक यांचे ‘थ्रेशोल्ड लेव्हल’ १९७५ साली आले आणि २००१ साली युरोपची भाषांसाठीची पातळ्यांची चौकट प्रसिद्ध झाली.

आता गंमत पाहा. हा क्रम मराठीत जसाच्या तसा उतरवला की दुसऱ्याच पायरीला पाय अडखळतो. इंग्रजीत ‘हाउ आर यू’ कोणालाही विचारा, शब्द तेच. मराठीत मात्र कसा आहेस, कशी आहेस, कसे आहात, कशा आहात अशी चार रूपे. शिवाय उत्तर देणाऱ्याने स्वतःकडे पाहून बरा की बरी ते ठरवायचे. नमस्कारात व्याकरण काहीच नाही, आणि लगेच पुढच्या धड्यात लिंग, वचन आणि आदर हे तिन्ही एकदम.

आमच्या जळगाव जामोदला बदलून आलेल्या एका बँक अधिकाऱ्यांना मी काही महिने संध्याकाळी मराठी शिकवले. मातृभाषा ओडिया. तिच्यात क्रियापद लिंगाप्रमाणे बदलत नाही. ते आणलेल्या पुस्तकातून ‘तुम्ही कसा आहे’ म्हणत, आणि ते अडखळले रे अडखळले की काउंटरसमोरचा माणूस हिंदीवर येई. खरा तोटा हाच. चुकीला कोणी हसत नाही, पण संभाषणच दुसऱ्या भाषेत निघून जाते आणि सराव तिथेच संपतो.

म्हणून आम्ही क्रम असा लावला. पहिला धडा ‘राम राम’ आणि ‘नमस्कार’, ज्याचे उत्तर तोच शब्द. दुसरा धडा ‘कसं काय?’, ‘बरं आहे’, ‘तुमचं?’. या तिन्हींत काही बदलत नाही. समोर आजोबा असोत की आजीबाई. ‘तुमचं?’ हा शब्द छोटा, पण त्याने प्रश्न परत जातो आणि बोलणे पुढे सरकते. आपल्याकडे उत्तर ‘बरं हाय’ येईल, तेही आधीच कानावर घातले. तिसऱ्या धड्यात ‘हळू बोला’ आणि ‘पुन्हा सांगा’, कारण ‘तुमचं?’ विचारल्यावर माणूस पीकपाण्यापासून सुनेच्या बाळंतपणापर्यंत सांगू लागतो.

‘मी बरा आहे’ चौथ्या धड्यात, तेही फक्त स्वतःचे रूप. समोरच्याप्रमाणे बदलणारे ‘कसे आहात, कशा आहात’ त्यानंतर. ‘तू’ची रूपे सगळ्यात शेवटी. मोठ्या माणसाला ‘तुम्ही’ सांभाळून नेते. ‘तू’ कोणाला चालतो हे पुस्तकातून कळत नाही. आईला ‘तू’ म्हणणाऱ्या कितीतरी घरांत वडिलांना ‘तुम्ही’ असते, याला नियम काय सांगणार?

या क्रमाला मर्यादाही आहे. न बदलणाऱ्या वाक्यांवर शिकणारा फार दिवस राहिला तर तीच पाठ होऊन बसतात आणि नवीन वाक्य जुळवता येत नाही. ओळखायची खूण सोपी. ‘बहीण कशी आहे?’ असे विचारा. उत्तर ‘बरं आहे’ आले तर चौथा धडा उशिरा पडला. ‘बरी आहे’ आले तर गाडी रुळावर आहे.