मृत्युपत्राचें प्रोबेट आणि श्रीबाबामहाराज पंडितांचें प्रकरण

जुन्या घराण्यांचीं दप्तरें चाळतांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या रुमालांत न्यायालयाच्या मोहोरेचा एक कागद पुष्कळदां हातीं येतो. त्याच्या माथ्यावर 'प्रोबेट' हा शब्द असतो, खालीं मृत्युपत्राची नक्कल जोडलेली असते, आणि संग्राहक तो कागद मोठ्या समाधानानें बाजूस काढून ठेवतो. कारण सरकारी शिक्का असल्यामुळें त्यांत लिहिलेलें सर्व न्यायालयानें खरें ठरविलें अशी त्याची समजूत होते. वाडा कोणाचा, इनाम कोणाचें, दत्तक कोण, हे सर्व प्रश्न त्या एका कागदानें मिटले असें धरून वंशावळीही रचलेल्या आम्हीं पाहिल्या आहेत. ही समजूत चुकीची आहे. ती कोठें चुकते हें दाखविण्यास पुण्यांतील श्रीबाबामहाराज पंडित यांच्या मृत्युपत्राच्या प्रकरणाइतकें चांगलें उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं. हें प्रकरण ताईमहाराज प्रकरण या नांवानें प्रसिद्ध आहे, आणि त्याची चर्चा बहुधा लोकमान्य टिळकांच्या चरित्राच्या अंगानें होते. आम्ही तें येथें केवळ प्रोबेटच्या अंगानें पाहणार आहों.

हकीकत थोडक्यांत अशी. वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ श्रीबाबामहाराज हे दक्षिणेंतील पहिल्या वर्गाचे सरदार. ते ७ ऑगस्ट १८९७ रोजीं पुण्यास पटकीच्या आजारानें वारले, आणि त्याच दिवशीं त्यांनीं मृत्युपत्र केलें. त्यांत त्यांनीं टिळक, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे व आणखी कांहीं गृहस्थ यांजकडे इस्टेटीची व्यवस्था सोंपविली. पत्नी ताईमहाराज त्या वेळीं गरोदर होत्या. मुलगा न झाल्यास, किंवा होऊन अल्पायुषी ठरल्यास, घराण्याचें नांव चालावें म्हणून विश्वस्तांच्या संमतीनें पत्नीनें दत्तक घ्यावा, आणि तो वयांत येईपर्यंत विश्वस्तांनीं वहिवाट पाहावी, अशा आशयाची तरतूद त्यांत होती. टिळक त्या वेळीं राजद्रोहाच्या आरोपावरून नुकतेच जामिनावर सुटलेले होते.

येथें पहिला प्रश्न असा कीं, अशा मृत्युपत्राचें प्रोबेट मागण्याचा अधिकार कोणास? १८८१ च्या प्रोबेट व ॲडमिनिस्ट्रेशन कायद्याचें उत्तर सरळ होतें, आणि तेंच पुढें १९२५ च्या वारसा कायद्यांत जसेंच्या तसें उतरलें. प्रोबेट फक्त मृत्युपत्रानें नेमलेल्या एक्झिक्युटरास मिळतें. वारसास मिळत नाहीं, विधवेस विधवा म्हणून मिळत नाहीं, आणि मृत्युपत्रानें ज्यास सर्व मालमत्ता दिली त्यासही केवळ तेवढ्यावरून मिळत नाहीं. एक्झिक्युटर नसल्यास किंवा त्यानें काम नाकारल्यास अशा लोकांनीं मृत्युपत्र जोडून कारभाराचें पत्र मागावें; त्या कागदाचें नांव निराळें आणि त्याचा अर्थही निराळा. म्हणून हातीं आलेल्या कागदावर या दोहोंपैकीं काय लिहिलें आहे हें प्रथम पाहावें, म्हणजे मयतानें कारभारी नेमला होता कीं नव्हता तें कळतें.

मात्र मराठी मृत्युपत्रांत 'एक्झिक्युटर' हा शब्द शोधूं लागल्यास निराशा व्हावयाची. तेथें पंच, विश्वस्त, व्यवस्थापक, वहिवाटदार असे शब्द येतात. कधीं शब्दच नसतो, 'अमक्यानें माझें देणेंघेणें उलगडावें' इतकेंच वाक्य असतें. कायद्यानें ही अडचण ओळखलेली आहे. नेमणूक स्पष्ट शब्दांनीं व्हावी किंवा मजकुरावरून अवश्य निष्पन्न व्हावी, दोन्ही चालतात. 'ब यानें काम न केल्यास क यानें एक्झिक्युटर व्हावें' असें लिहिलें तर ब याची नेमणूक न लिहितांही झालेली आहे, असा दाखला कायद्यानेंच दिला आहे. अपात्र कोण तर अज्ञान व बुद्धिभ्रंश झालेला. फौजदारी आरोप डोक्यावर असणें ही अपात्रता नव्हे, यामुळें टिळकांवरील खटल्याचा त्यांच्या नेमणुकीस बाध आला नाहीं. अनेक कारभारी असल्यास सर्वांनीं एकदम अर्ज केला पाहिजे असें नाहीं. एकास आज व दुसऱ्यास मागाहून प्रोबेट देतां येतें. ज्यास ही उठाठेव नको असेल त्यानें न्यायाधीशासमोर तोंडी किंवा सहीच्या लेखानें ती सोडावी. एकदां सोडल्यावर पुन्हा एक्झिक्युटर म्हणून अर्ज करतां येत नाहीं.

आतां न्यायालय काय पाहतें तें. अर्जांत मृत्यूची वेळ, जोडलेला लेख हा मयताचें शेवटचें मृत्युपत्र आहे व तो रीतसर झाला आहे हें कथन, अर्जदाराच्या हातीं येण्यासारख्या मालमत्तेचा अंदाज, आणि अर्जदार हाच नेमलेला एक्झिक्युटर हें कथन असावें लागतें. मृत्युपत्रावर साक्ष घालणारा एखादा इसम मिळण्यासारखा असल्यास त्यानेंही अर्जास पुष्टि द्यावयाची असते. मृत्यूनंतर पूर्ण सात दिवस गेल्यावांचून प्रोबेट मिळत नाहीं. न्यायाधीशास वाटल्यास तो अर्जदाराची शपथेवर तपासणी करतो, आणखी पुरावा मागतो, व ज्यांचा संबंध पोंहोचतो अशांना पुढें येण्यास सांगणारी नोटीस काढतो. ती न्यायकचेरींत व कलेक्टरच्या कचेरींत लागते. हरकत घेणारानें कॅव्हेट दिल्यास प्रकरणास दाव्याचें रूप येतें.

या सर्व खटाटोपाचा रोख एकाच गोष्टीवर असतो. हा लेख मयताचा आहे काय, तो शुद्धीवर असतांना व समजून केलेला आहे काय, कोणाच्या दडपणाखालीं तर झाला नाहीं, आणि हाच शेवटचा काय. मरणाच्या दिवशीं केलेल्या लेखाविषयीं शंका अधिक येते, ती योग्यच आहे. सही थरथरलेली असली, निकटच्या माणसास कारण न देतां वगळलें असलें, किंवा ज्यास लाभ व्हावयाचा त्यानेंच पुढें होऊन लेख करविला असला, तर ती शंका दूर करण्याचा भार मृत्युपत्र पुढें आणणारावर पडतो. सर्वोच्च न्यायालयानें १९५८ मध्यें व्यंकटाचल अय्यंगार प्रकरणांत हें तत्त्व सविस्तर मांडलें आहे. पण मयतास ती मालमत्ता देण्याचा हक्क होता काय, हा प्रश्न प्रोबेटच्या न्यायालयाचा नव्हेच. दुसऱ्याचा वाडा मृत्युपत्रांत लिहिला असला तरी मृत्युपत्र खरें असेल तर प्रोबेट मिळतें, आणि वाडा दुसऱ्याचाच राहतो.

साक्षींविषयीं संग्राहकांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. १८७० चा हिंदु मृत्युपत्रांचा कायदा आमच्या प्रांतांत मुंबई शहरापुरता, म्हणजे तेथें झालेल्या किंवा तेथील स्थावराविषयींच्या मृत्युपत्रांपुरता होता. पुण्यांतील हिंदूनें पुण्याच्या मालमत्तेविषयीं केलेल्या मृत्युपत्रास दोन साक्षीदारांचें बंधन १ जानेवारी १९२७ पासून आलें. तत्पूर्वींचा कागद साक्षींवांचून आढळला तर तेवढ्यावरून त्यास बनावट म्हणूं नये. तसेंच पुण्यासारख्या ठिकाणीं प्रोबेट घेण्याची सक्तीही नव्हती. तें सोयीसाठीं घेत. सक्तीचें १९२५ च्या कायद्यांतील २१३ वें कलमही २०२५ मध्यें वगळण्यांत आलें आहे.

आतां बाबामहाराजांकडे वळूं. जानेवारी १८९८ मध्यें ताईमहाराजांस पुत्र झाला व तो सुमारें दोन महिन्यांनीं वारला. पुढें जून १९०१ मध्यें औरंगाबाद येथें जगन्नाथ नांवाच्या मुलाचें दत्तविधान झालें. त्यानंतर ताईमहाराजांचें व विश्वस्तांचें बिनसलें, आणि २९ जुलै १९०१ रोजीं त्यांनीं पुण्याच्या डिस्ट्रिक्ट जज्जाकडे प्रोबेट रद्द करण्याचा अर्ज दिला. पुढच्याच महिन्यांत त्यांनीं कोल्हापूरच्या बाळामहाराजांस दत्तक घेतलें.

दिलेलें प्रोबेट वाटेल त्या कारणास्तव रद्द होत नाहीं. कायद्यानें पांच कारणें सांगितलीं आहेत: मूळ कामांत महत्त्वाचा दोष, न्यायालयाची फसवणूक, अज्ञानानें कां होईना पण खोटें महत्त्वाचें कथन, बदललेल्या परिस्थितीमुळें प्रोबेट निरुपयोगी होणें, आणि मालमत्तेची याद वा हिशेब मुद्दाम न देणें. ताईमहाराजांचा आधार चौथ्या कारणाचा होता. पुत्र जन्मतांच इस्टेट त्याची झाली, त्याच्यामागून ती आईकडे आली, म्हणून आतां प्रोबेटास विषय उरला नाहीं, असें त्यांचें म्हणणें. मृत्युपत्र खोटें असें त्यांचें म्हणणें नव्हतें. म्हणजे प्रश्न बहुतांशीं कायद्याचा होता, आणि तो थोड्या पुराव्यावर सुटण्यासारखा होता.

परंतु न्यायाधीश ॲस्टन यांनीं चौकशीचा ओघ औरंगाबादच्या दत्तविधानाकडे वळूं दिला. टिळकांची दीर्घ उलटतपासणी झाली. एप्रिल १९०२ मध्यें ॲस्टन यांनीं प्रोबेट रद्द केलें, इतकेंच नव्हे तर टिळकांवर खोटी साक्ष वगैरेंबद्दल फौजदारी खटला होण्याची व्यवस्था केली. प्रोबेट रद्द करण्याचा हुकूम हायकोर्टानें फिरविला. पण फौजदारी खटला चालूच राहिला. ऑगस्ट १९०३ मध्यें खालच्या न्यायालयानें दिलेली अठरा महिन्यांची शिक्षा अपिलांत सहा महिन्यांवर आली, आणि मार्च १९०४ मध्यें हायकोर्टानें टिळकांस निर्दोष ठरविलें. ज्या प्रश्नाचा निर्णय करण्याचें त्या न्यायासनाचें कामच नव्हतें, त्याच्या चौकशींतून हें सर्व निघालें, असें आमचें मत आहे.

दत्तकाचा प्रश्न जेथें सुटावयाचा तेथेंच, म्हणजे दिवाणी दाव्यांत, सुटला. पुण्याच्या पहिल्या वर्गाच्या सबजज्जानें १९०६ मध्यें जगन्नाथाचें दत्तविधान खरें मानलें. १९१० मध्यें हायकोर्टानें तो निकाल फिरविला. आणि २६ मार्च १९१५ रोजीं प्रिव्ही कौन्सिलनें हायकोर्टाचा निकाल बाजूस सारून दत्तविधान कायम केलें. या शेवटच्या निकालांतील एक भाग कागदपत्रांच्या अभ्यासकांनीं आवर्जून वाचावा. आधींच्या कामांतील जबान्यांचे ढीग या दाव्यांत आणून साक्षीदारांविरुद्ध वापरण्यांत आले होते. ज्या वाक्यानें साक्षीदारास खोटें पाडावयाचें तें वाक्य त्याला दाखवून खुलाशाची संधि दिली पाहिजे, असें कौन्सिलनें बजावलें. हा निकाल त्या मुद्द्यावर पुढेंही वारंवार आधारास घेतला गेला.

यावरून या प्रकरणाचे कागद कसे वाचावे तें उघड होतें. प्रोबेटचा कागद ७ ऑगस्ट १८९७ चें मृत्युपत्र व त्यानें नेमलेले कारभारी यांच्यापुरता पुरावा आहे. १९०२ चा हुकूम कोणाच्या संग्रहांत सुटा सांपडला तर तो फिरलेला आहे अशी नोंद त्यावर करावी, आणि त्यांतील दत्तविधानाविषयींच्या मजकुरास निर्णयाचें वजन देऊं नये. दत्तकाविषयीं १९१५ चा निकाल पाहावा. प्रोबेट दिल्यावर मृत्युपत्राचा अस्सल लेख न्यायालयाच्या दप्तरांत राहतो व एक्झिक्युटरास मोहोरेची नक्कल मिळते. म्हणून कोणी पुस्तकविक्या अशा मृत्युपत्राचा 'अस्सल' कागद दाखवूं लागल्यास प्रथम त्यावरची मोहोर व नकलेचा शेरा पाहावा. आणि इस्टेटींत खरोखर काय होतें हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें प्रोबेटाकडे न थांबतां, एक्झिक्युटरानें सहा महिन्यांच्या आंत द्यावयाची याद व वर्षाच्या आंत द्यावयाचा हिशेब त्याच कामाच्या कागदांत शोधावा.