किराणा साठा-फलक व पुनर्मागणी पातळी

किराणा साठा-फलक : दुकानात कोणता माल किती शिल्लक आहे, कोणता संपत आला आहे आणि कोणता आजच मागवायला हवा, हे एका नजरेत दाखवणारा संगणकाचा किंवा मोबाइलचा पडदा. दुकानदार त्याला डॅशबोर्ड म्हणतात. प्रत्येक मालासमोर शिल्लक साठा आणि त्या मालाची पुनर्मागणी पातळी असते. साठा या पातळीला टेकला की ती ओळ लाल होते. पातळीच्या जरा वर असलेला माल बहुधा पिवळ्या रंगात दाखवतात. पिवळा रंग नेमका कुठून सुरू करावा याबद्दल एकमत नाही. प्रस्तुत नोंद चंद्रपूर–गडचिरोली मार्गावरील मूलसारख्या तालुक्याच्या गावातील दुकान डोळ्यांपुढे ठेवून केली आहे. अशा दुकानाचा ठोक माल चंद्रपूर-नागपूरहून येतो आणि त्याच्या गिऱ्हाइकांत आसपासच्या खेड्यांतले छोटे दुकानदारही असतात.

पूर्वपीठिका : एका खेपेला किती माल मागवावा याचे गणित फोर्ड हॅरिस या अमेरिकी अभियंत्याने १९१३ मध्ये मांडले. पुनर्मागणी पातळी सांगते ते माल केव्हा मागवावा हे.

पातळी ठरवणे : मागणी दिल्यापासून माल दुकानात येईपर्यंत जितके दिवस लागतात, तितक्या दिवसांची सरासरी विक्री आणि वर थोडा राखीव साठा, ही झाली पातळी. सूत्र सोपे आहे. चूक होते ती सरासरी काढताना. तूरडाळीचे नमुन्यादाखल उदाहरण घेऊ. आठवड्यात ८४ किलो डाळ गेली, म्हणजे रोजची १२ किलो. माल यायला जास्तीत जास्त चार दिवस लागतात, म्हणून पातळी ४८ किलो ठेवली. पण त्या ८४ किलोंपैकी ५० किलोंचे एक अख्खे पोते खेड्यातल्या दुकानदाराने नेले होते. चिल्लर विक्री ३४ किलोच होती, रोजची जेमतेम पाच किलो. आता ४९ किलो शिल्लक असताना फलक ‘ठीक’ म्हणेल, पण पोते मागायला आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परत जावे लागेल. ठोक आणि चिल्लर विक्री वेगळी धरली, तर चिल्लरसाठी चार दिवसांची २० किलो आणि वर न उसवलेले एक पोते, अशी ७० किलोंची पातळी निघते. तालुक्याच्या गावात हा भेद केल्याशिवाय लाल खुणेला अर्थ उरत नाही.

दुसरी चूक अधिक छुपी असते. चहापुड्याच्या एका प्रकारची ३० दिवसांत १२० पाकिटे विकली गेली, तर सरासरी चार दिसते. त्यातले दहा दिवस माल संपलेलाच असेल, तर खरी विक्री २० दिवसांतली, म्हणजे रोज सहा पाकिटांची आहे. रिकामे दिवस धरून काढलेली सरासरी पातळी खाली आणते, पातळी खाली आली की माल आणखी वेळा संपतो, आणि पुढच्या महिन्यात सरासरी अजून घसरते. म्हणून माल दुकानात होता तेवढ्याच दिवसांनी भागावे.

एजन्सीचा वार : साबण, चहा, बिस्किटे अशा कंपनीच्या मालाची मागणी घ्यायला एजन्सीचा सेल्समन ठरलेल्या वारी येतो. ठोक व्यापाऱ्याला कधीही फोन करता येतो. कंपनीच्या मालात मात्र तो वार हुकला की आठवडा जातो. वरच्याच चहाचे पाहू. सेल्समन मंगळवारी येतो आणि माल गुरुवारी उतरतो. दोन दिवसांची १२ पाकिटे आणि राखीव ८ धरून पातळी २० ठेवली. मंगळवारी दुकान बंद होताना ३० पाकिटे उरली. ओळ लाल नाही, म्हणून मागणी दिली नाही. गुरुवारी साठा १८ वर आला आणि ओळ लाल झाली, पण सेल्समन तर येऊन गेलेला. रविवारी रात्री शेवटचे पाकीट गेले आणि पुढच्या गुरुवारचा माल येईपर्यंत तीन दिवस फळी रिकामी राहिली. अशा मालाच्या पातळीत दोन भेटींमधले सात दिवसही मिळवावे लागतात : नऊ दिवसांची ५४ आणि राखीव ८, एकूण ६२. आठवड्याच्या वारी येणाऱ्या मालाला फोनवर मिळणाऱ्या मालाची पातळी लावणे, हे फलक निरुपयोगी ठरण्याचे सर्वांत मोठे कारण मानावे लागेल.

टॅलीतील अहवाल : हिशेबासाठी टॅली वापरणाऱ्या दुकानात वेगळा फलक बनवावा लागत नाही, `Reorder Status` हा अहवाल तेच काम करतो. त्यात शिल्लक साठ्यात मागवलेला पण न पोचलेला माल मिळवतात, विक्रीच्या नोंदवलेल्या मागण्या वजा करतात आणि येणारा आकडा `Nett Available` या रकान्यात दाखवतात. पातळीशी तुलना होते ती या आकड्याची. पातळीपेक्षा तो जितका कमी, तितकी तूट `Shortfall` खाली येते. पातळी हाताने भरता येते किंवा ठरावीक मुदतीतल्या खपावरून काढून घेता येते. खरेदीची मागणी टॅलीत न नोंदवता फोनवरच दिली, तर वाटेत असलेला माल अहवालाला कळत नाही आणि तोच माल दुसऱ्यांदा मागवला जातो. साध्या स्प्रेडशीटमध्ये शिल्लक B, वाटेतला माल C आणि पातळी D या रकान्यांत असेल, तर एवढे पुरते :

```
=IF(B2+C2<=D2,"मागवा","ठीक")
```

मोबाइल ॲप : बिलाच्या ॲपमध्येही कमी साठ्याची सूचना मिळते, वाटेतला माल मोजला जातो की नाही हे तपासून घ्यावे.

नोंदीतील चुका : पडद्यावर साठा आहे आणि फळीवर नाही, ही अवस्था सर्वांत घातक, कारण ओळ लाल होतच नाही. चार वेगवेगळ्या वासांचे साबण घेतले असता घाईत एकच वडी स्कॅन करून संख्या चार टाकतात. किंमत सारखी असल्याने बिल बरोबर येते, पण एका वासाच्या चार वड्या कमी होतात आणि उरलेल्या तीन वासांची एकेक वडी कागदावर जास्त राहते. पोते फोडून किलो-अर्ध्या किलोच्या पुड्या बांधताना सांडलवंड आणि वजनातली तूट होते. ती नोंदवली नाही तर डाळ-साखरेचा आकडा हळूहळू फुगत जातो. ओळखण्याची खूण एकच : रोज विकला जाणारा माल साठा दिसत असूनही दोन-तीन दिवस बिलात आला नाही, तर उठून फळी बघावी. उणे साठा दिसला, तर बहुतेक वेळा खरेदीचे बिल चढवायचे राहिलेले असते.

हंगाम : वर्षभर एकच पातळी या भागात चालत नाही. मे महिन्यात तेंदूपाने तोडण्याची मजुरी हाती येते, जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी चालते, दिवाळीनंतर कापणी. प्रत्येक वेळी तेल, डाळ, मिरची यांचा खप बदलतो, आणि मागच्या ३० दिवसांची सरासरी तो बदल उशिरा दाखवते. पावसाळ्यात खप तोच राहूनही पातळी वाढवावी लागते, कारण माल यायला लागणारे दिवस बेभरवशाचे होतात. गडचिरोली जिल्ह्यात भामरागडजवळ पर्लकोटा नदीला पूर आला की तालुक्याचा संपर्क तुटतो. तिकडच्या दुकानदाराला पाऊस लागण्यापूर्वीच मिठा-तेलाची पातळी दिवसांऐवजी आठवड्यांत मोजावी लागते. सोयीचा मार्ग म्हणजे प्रत्येक मालासाठी उन्हाळी, पावसाळी आणि कापणीनंतरची असे पातळीचे तीन रकाने ठेवून हंगाम बदलताच फलक नव्या रकान्याला जोडणे.

नाशवंत माल : दूध, पाव व भाजी यांना पुनर्मागणी पातळी लावत नाहीत; त्यांची मागणी रोजच्या रोज ठरते.